पावसाळ्यासाठी टायर-ब्रेकच्या स्लाइड्स: एक मोसम वापरून झाल्यावर

पाचपैकी साडेतीन. टायरच्या स्लाइड्स उत्तम, ब्रेकच्या अर्धवट.

पावसाळ्यात गाडीचे टायर आणि ब्रेक कसे तपासायचे हे सांगणारी ही स्लाइड्सची मालिका जूनच्या सुरुवातीला फोनमध्ये सेव्ह केली आणि पार दिवाळीपर्यंत वापरली. माझी गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. एरवी पुण्यातच फिरते, अधूनमधून ताम्हिणीतून माणगावला जाते. एका स्लाइडवर एकच तपासणी असल्यामुळे पार्किंगमध्ये दोन मिनिटं मिळाली की एक उरकता येते. हीच माहिती एका लांबलचक लेखात असती तर मी कधीच वापरली नसती.

हवेची स्लाइड अगदी बरोबर आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो, माझ्या गाडीला ३३. हवा तेवढीच ठेवायची आणि टायर थंड असताना मोजायची. पंपावर मात्र हमखास कोणीतरी सांगतं, 'साहेब, पावसात दोन-तीन कमी ठेवा, ग्रिप येते.' उलट आहे ते. हवा कमी असली की टायर मधून आत दबतो, त्याला खालचं पाणी बाजूला सारता येत नाही आणि साठलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगायला लागतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर समजावं की चाक रस्त्यावर नाही, पाण्यावर आहे. अशा वेळी ब्रेक दाबू नये, नुसता अॅक्सिलरेटर सोडावा आणि स्टिअरिंग सरळ धरावं.

खाचांच्या स्लाइडचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचांच्या तळाशी रबराचे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला म्हणजे १.६ मिमी खोली उरली. ही कायद्याची किमान मर्यादा, पण पावसात ३ मिमीला आला की मी तरी बदलेन. स्लाइडमधला फोटो टायरच्या बाहेरच्या बाजूचा आहे. माझ्या पुढच्या डाव्या टायरच्या त्या बाजूला खाच चांगली खोल होती. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिली, तर ती उंचवट्याला टेकलेली. तळवा टायरवरून आडवा फिरवला, तर एका दिशेने गुळगुळीत लागायचं आणि उलट फिरवलं की रबराच्या कडा बोटांना अडायच्या. अलाइनमेंट बिघडल्याची ही खूण, चाक किंचित तिरकं घासत चालतं. खड्ड्यात जोरात आदळलं की असं होऊ शकतं. त्यामुळे नुसता टायर बदलून भागत नाही, अलाइनमेंट केली नाही तर नवाही तसाच खाल्ला जातो. बाहेरची बाजू बघून 'टायर आहे अजून' म्हणणाऱ्यांनी एकदा चाक वळवून बघाच.

जोडी बदलली तेव्हा दुकानदार नवे टायर पुढेच लावायला निघाला होता. मी ते मागे लावून घेतले आणि मागचे, बऱ्या स्थितीतले, पुढे आणले. ओल्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जायला बघते आणि वेग कमी केल्यावर बहुधा आवरते. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते. याबद्दल मालिकेत चकार शब्द नाही.

आता ब्रेक. 'ब्रेक ऑइलची पातळी पाहा, कमी असेल तर भरा' ही स्लाइड मला सरळ धोक्याची वाटते. डिस्कला दाबून धरणारे पॅड झिजले की त्यांना ढकलणारा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागे जास्त ऑइल जातं आणि डबीतली पातळी खाली येते. माझी पातळी खालच्या रेषेजवळ आली होती. गॅरेजमधला मुलगा बाटली घेऊन आला, त्याला म्हटलं आधी चाक काढ. पॅड ३ मिमीच्या आसपास उरले होते. नवे बसवताना पिस्टन आत दाबला आणि पातळी आपोआप वर आली, थेंबभरही ऑइल घालावं लागलं नाही. आधीच भरलं असतं तर झिजलेले पॅड लपले असते. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल तर गळती शोधावी, आणि ती सापडेपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.

शिवाय पातळी बरोबर असली म्हणून ऑइल चांगलं असतंच असं नाही. ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ताम्हिणीसारखा घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर तापलेल्या कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होऊ शकतात. मग पेडल मऊ लागतं आणि खोल जातं. म्हणून उतारावर दुसरा गिअर, आणि साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलणं. पाणी किती मुरलंय हे गॅरेजवाले पेनासारख्या टेस्टरने पाहू शकतात.

सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर आली तर घाबरू नका, असं एका स्लाइडवर आहे. बरोबर आहे, रात्रीत डिस्कवर चढलेला तांबूस गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. खरखर त्यानंतरही राहिली तर मात्र पॅड पाहायचे.

हँडब्रेकची स्लाइडच नाही, आणि ती हवी होती. पावसात हँडब्रेक ओढून गाडी काही दिवस उभी राहिली की मागच्या ड्रमला आतले लायनर चिकटतात. गाडी सुरू करून क्लच सोडला की मागची बाजू जरा खाली बसते आणि पुढे सरकत नाही, मग 'टक्' आवाज होऊन सुटते. जोर लावून सोडवण्यात लायनर उखडण्याची भीती असते. सपाट जागा असेल तर मी आता पहिला गिअर टाकून, चाकाच्या पुढे-मागे दगड लावून हँडब्रेक सोडून ठेवतो.