टायटल सेफ ८०% की ९०%? टीव्ही आणि प्रोजेक्टरसाठी कुठली चौकट धरायची

टायटल सेफ म्हणजे अक्षरं कापली जाऊ नयेत म्हणून ती ज्या चौकटीच्या आत ठेवायची ती. व्हिडिओ मोबाईलवर बघणार असतील तर ती किती टक्क्यांची धरायची हा प्रश्नच येत नाही, पण तोच पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावला की नावाचं पहिलं अक्षर अर्धं गायब. याला ओव्हरस्कॅन म्हणतात, जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा फ्रेममागे लपवायचे आणि बऱ्याच सपाट टीव्हींनीही ती सवय सोडलेली नाही, चित्र थोडं झूम करूनच दाखवतात.

१९२० बाय १०८० चा व्हिडिओ धरू. जुना ८०% चा नियम लावला तर डावीउजवीकडे १९२ आणि वरखाली १०८ पिक्सेल सोडायचे, मजकुराला १५३६ बाय ८६४ उरतात. ९०% म्हणजे ९६ आणि ५४, उरतात १७२८ बाय ९७२. एचडीसाठी २००९ पासून एसएमपीटीई या टीव्ही-सिनेमाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस हीच ९०% ची आहे आणि टीव्हीसाठी मीही हीच घेतो. ८०% मध्ये खालची नावाची पट्टी इतकी वर येते की बोलणाऱ्याच्या हनुवटीला टेकते, आणि लांबलचक नाव बसवायला फॉन्ट बारीक करावा लागतो. पट्टीचा रंग खुशाल कडेपर्यंत न्या, आत ठेवायची ती फक्त अक्षरं. आणि देवनागरीत गाइडला बेसलाइन टेकवू नका, "कुलकर्णी"चा उकार खाली लोंबतो, वरच्या ओळीत वेलांट्या आणि रफार वर जातात, तेही चौकटीच्या आतच हवेत.

प्रोजेक्टरचं गणित मात्र वेगळं. तिथे बहुतेक वेळा झूम नसतो, चित्र पडद्याबाहेर सांडतं, तेही एकाच बाजूने, म्हणून हॉल अनोळखी असेल तर ८०% च बरं. पण ४:३ चा प्रोजेक्टर कोणी "फिल" मोडवर ठेवला असेल तर दोन्ही बाजूंचे २४० पिक्सेल उडतात, म्हणजे तुमचं १९२ सुद्धा पुरत नाही!! अशा जागी शेवटची नामावली मधोमध, १४४० च्याही बऱ्याच आत लावायची, डावीकडे चिकटवलेली नावं तर हमखास कापली जातात.

ठरत नसेल तर दोन्ही चौकटी काढलेला छोटा व्हिडिओ बनवून त्याच टीव्हीवर किंवा पडद्यावर चालवा:

```
ffmpeg -i in.mp4 -t 20 -vf "drawbox=96:54:1728:972:red:4,drawbox=192:108:1536:864:yellow:4" test.mp4
```

लाल चौकट चारही बाजूंनी दिसली तर ९०% बिनधास्त. लाल कुठे गायब आणि पिवळी शाबूत असेल तर ८०% वर या. पिवळीही तुटली तर आधी मशीनचं सेटिंग बघा, टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये Just Scan किंवा Screen Fit असं काहीतरी असतं, ते लावलं की झूम जातो. अर्थात टीव्ही तुमच्या हातात असेल तरच हा उपाय, फाइल दुसऱ्याला पाठवायची असेल तर मार्जिनच सांभाळा.