सात महिने कॅप्नोग्राफ वापरल्यावर: आता आधी आलेख, मग आकडा

मी भूलतज्ज्ञ आहे. सात महिन्यांपूर्वी आमच्या थिएटरमधला जुना मॉनिटर गेला आणि त्या जागी साइडस्ट्रीम प्रकारचा छोटा कॅप्नोग्राफ आला. ट्यूबजवळच्या जोडातून बारीक नळीने तो मिनिटाला सुमारे 150 मिलिलिटर वायू ओढतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड मोजतो आणि आलेख काढतो. मुख्य तक्रार आधीच सांगते. श्वासाच्या अखेरीच्या कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे EtCO2 चा आकडा पडद्यावर भला मोठा आणि आलेखाला मात्र खाली बोटभर पट्टी. व्हायला हवं होतं नेमकं उलट.

आलेख वाचायची माझी रीत अशी. श्वास सोडायला सुरुवात झाली की आधी ट्यूब आणि श्वासनलिकेतली हवा बाहेर येते. तिथे वायूंची देवाणघेवाण झालेलीच नसते, म्हणून रेषा शून्यावरच राहते. हा पहिला टप्पा. दुसऱ्यात वायुकोशांतली हवा त्यात मिसळायला लागते आणि रेषा जवळजवळ सरळ उभी चढते. तिसऱ्यात निव्वळ वायुकोशांतली हवा असते, म्हणून पठार येतं, किंचित चढतं. या पठाराचं शेवटचं टोक म्हणजे EtCO2, साधारण 35 ते 45 मिलिमीटर पारा. पुढचा श्वास आत गेला की रेषा धाडकन शून्यावर येते. दुसरा आणि तिसरा टप्पा जिथे मिळतात तो कोपरा मी सगळ्यात आधी बघते. निरोगी फुप्फुसात तो काटकोनापेक्षा थोडासाच मोठा असतो.

तिसऱ्या महिन्यातली एक केस या यंत्राबद्दल बरंच सांगून जाते. दम्याचा जुना रुग्ण, पोटाची शस्त्रक्रिया. पहिली चाळीस मिनिटं आकडा 36, आलेख चौकोनी डब्यासारखा. मग आकडा हळूहळू 31 वर आला. सोबतची ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, जास्त व्हेंटिलेट होतंय, रेट कमी करू का?" फक्त आकडा बघितला असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण आलेखातला कोपरा गायब होता. दुसऱ्या टप्प्याची चढण तिरकी झाली होती, पठार उरलंच नव्हतं आणि प्रत्येक श्वास शार्कच्या पाठीवरच्या परासारखा दिसत होता. रेषा अजून चढतच असायची, तेवढ्यात पुढचा श्वास तिला खाली ओढायचा. ऑक्सिजन 98 टक्के. यंत्र गप्प, कारण खालचा अलार्म 25 वर लावलेला.

असा आकार हवा बाहेर पडायला अडथळा आहे एवढंच सांगतो. अडथळा कुठे आहे ते तो सांगत नाही. दुमडलेली ट्यूब, कफाचा गोळा आणि आकसलेल्या श्वासनलिका, तिन्हींचा आलेख सारखाच येऊ शकतो. म्हणून आधी सक्शन कॅथेटर आत घातला. तो सहज गेला, कफ निघाला नाही. व्हेंटिलेटरचा कमाल दाब 19 वरून 38 वर गेला होता, पण श्वास आत रोखून धरल्यावर तो 18 वर उतरला. म्हणजे फुप्फुस कडक झालेलं नव्हतं, वाट अरुंद झाली होती. स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंना घरघर. ब्रॉन्कोस्पाझम, म्हणजे श्वासनलिका आकसल्या होत्या.

मग ज्युनिअरला दाखवण्यासाठी व्हेंटिलेटर थांबवून एक श्वास पूर्ण बाहेर पडू दिला. रेषा 31 वर थांबली नाही, सावकाश 44 पर्यंत चढत गेली. मोकळ्या नळ्यांमागचे वायुकोश लवकर रिकामे होतात. आकसलेल्या नळ्यांमागचे उशिरा होतात आणि जास्त कार्बन डायऑक्साइड त्यांच्यातच अडकलेला असतो. त्यांची पाळी येण्याआधीच आमचं यंत्र पुढचा श्वास देत होतं. धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट आला, कार्बन डायऑक्साइड 61. एरवी रक्तातला आणि पडद्यावरचा आकडा यांत दोन ते पाचचा फरक असतो, इथे तीस होता.

भुलीचा वायू वाढवला, सर्किटमधून श्वासनलिका सैल करणारं साल्ब्युटामॉल दिलं, रेट 14 वरून 8 केला आणि श्वास सोडायला आत घेण्याच्या चौपट वेळ दिला, म्हणजे जवळपास सहा सेकंद. रेट कमी करा हा ज्युनिअरचा सल्ला बरोबरच निघाला, फक्त कारण वेगळं होतं. वीस मिनिटांत कोपरा पुन्हा दिसू लागला आणि आकडा 52 झाला! नुसता आकडा बघणाऱ्याला वाटेल की रुग्ण बिघडतोय. प्रत्यक्षात अडकलेला वायू आता बाहेर येत होता. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये 58 होता, म्हणजे फरक तिसाचा सहावर आला. त्या दिवशी आकडा उतरला तेव्हा रुग्ण बिघडत होता आणि चढला तेव्हा सुधारत होता.

दम्याच्या किंवा जुन्या सिगारेटवाल्या फुप्फुसात पठार मुळातच तिरपं असू शकतं. त्यामुळे सुरुवातीच्या दहा मिनिटांतला आलेख मी फोटो काढून ठेवते आणि तुलना त्याच रुग्णाच्या त्या फोटोशी करते.

आकार शाबूत आणि उंचीच खचली, तर मात्र मी फुप्फुस सोडून रक्ताभिसरणाकडे वळते. पाचव्या महिन्यात एका दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरताना पाच-सहा श्वासांत 36 चे 21 झाले. कोपरा जागच्या जागी, पठार सपाट, व्हेंटिलेटरला कुणी हात लावलेला नाही. फुप्फुसं व्यवस्थित रिकामी होत होती, पण त्यांच्यापर्यंत रक्तच कमी पोचत होतं. रक्तदाबाचा पट्टा तीन मिनिटांनी फुगतो, त्यावर अजून मघाचाच 112 दिसत होता. सर्जनना वायू सोडायला सांगितलं आणि पट्टा हाताने फुगवला, वरचा दाब 66. वायू निघाल्यावर आलेखाची उंची परत आली, दाबही चढला. पोटातल्या दाबाने महाशीर दबली होती, असं मी धरते. रक्तात वायूची गुठळी गेली असती तरी आलेख असाच दिसू शकला असता. त्या दोघांतला भेद करायला आलेख पुरत नाही.

आता यंत्राच्या खोड्या. आलेखाचं माप तो स्वतःहून बदलतो. उंची खचली की माप लहान करतो आणि वरच्यासारखी केस असेल तर आलेख पहिल्याइतकाच उंच दाखवतो. ही सोय कुणाला का सुचली असेल, देव जाणे. मी माप 0 ते 60 वर पक्कं करते, पण यंत्र बंद करून सुरू केलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

दुसरी खोडी नळीची. एकदा आलेखात लांबलचक ठेंगणं पठार आणि त्याच्या अगदी शेवटी टोकदार शिंग असा विचित्र आकार आला. रुग्ण ठणठणीत. नळीच्या जोडाला बारीक चीर होती. श्वास सुटताना पंप त्या चिरेतून खोलीतली हवाही ओढायचा आणि नमुना पातळ व्हायचा. पुढच्या श्वासाचा दाब आला की क्षणभर शुद्ध नमुना पुढे ढकलला जायचा, तेच शिंग. यंत्र त्या शिंगाचं टोक वाचून 35 दाखवत होतं, म्हणजे आकड्यावरून काही कळलंच नसतं. नळी बदलली, डबा परत आला. लांबलेल्या केसमध्ये पाण्याचा सापळा भरतो आणि रेषा मरगळते, म्हणून मी तो दर दोन तासांनी रिकामा करते.

लहान बाळांसाठी मी हे यंत्र वापरत नाही. इवल्याशा, भराभर येणाऱ्या श्वासांत 150 मिलिलिटरचा ओढा फार होतो. पठार पुसलं जातं आणि आकडाही खोटा कमी येतो. त्यांच्यासाठी मिनिटाला 50 मिलिलिटरवर चालणारं दुसरं मशीन मागून आणते.