भाऊबीजेचं व्हाउचर: शिल्लक दिसली, पण ओवाळणी पोचली नाही

भाऊबीजेची संध्याकाळ. भाऊ बडोद्यात दांडिया बाजारात, ताई इंदूरला. कुरिअर बंद, साडी पाठवायचं राहून गेलेलं, आणि रात्री साडेआठला व्हिडिओ कॉलवर ओवाळणी ठरलेली. अशा वेळी कुणालाही गिफ्ट व्हाउचरच आठवतं. भावाने एका दुकानसाखळीच्या अ‍ॅपवर ५,००० रुपयांचं व्हाउचर घेतलं, पण 'पडताळणी सुरू आहे, २४ तासांत कोड येईल' असं उत्तर आलं. नवीन खात्यावरून पहिल्यांदाच मोठी रक्कम भरली की असं होऊ शकतं. त्याने ती ऑर्डर रद्द केली, आणि फसवणुकीला वाट मिळाली ती इथे.

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळीच कुणीतरी एक नंबर टाकला होता: 'कुठल्याही ब्रँडचं व्हाउचर, १२ टक्के सूट, पाच मिनिटांत.' भावाने मेसेज केला. विकणारा म्हणाला, "आधी कोड बघा, शिल्लक तपासा, मग पैसे द्या." हे ऐकून भल्याभल्यांचा संशय मावळतो. त्याने व्हाउचरच्या कार्ड नंबरचा आणि पिनचा फोटो पाठवला. भावाने ब्रँडच्या खऱ्या साइटवर दोन्ही घातले, शिल्लक ५,००० दिसली. सात पन्नासला ४,४०० रुपये यूपीआयने गेले आणि तोच फोटो ताईला पोचला. ताई ओवाळणं, फराळ, पाहुणे यांत गुंतलेली. साडेदहाला तिने कोड घातला तेव्हा उत्तर आलं: हे व्हाउचर आधीच वापरलेलं आहे.

इथे नेमकं काय झालं ते नीट समजून घ्या. शिल्लक तपासणं म्हणजे पाकिटात नोट आहे ना, एवढंच डोकावून बघणं. त्याने ती नोट आपली होत नाही. नंबर आणि पिन ज्याच्याकडे आहेत तो प्रत्येक जण त्या व्हाउचरचा मालक असतो, आणि जो आधी वापरेल किंवा ब्रँडच्या अ‍ॅपवरच्या आपल्या खात्यात जोडेल त्याचे पैसे. विकणाऱ्याकडे कोड होताच. पैसे हाती पडेपर्यंत तो थांबला, मग त्याने स्वतःच वापरून टाकला. शिवाय एकच कोड चार जणांना विकता येतो, आणि चौघांनाही शिल्लक पूर्ण दिसते. चोरीच्या कार्डावर घेतलेले कोडही असे स्वस्तात फिरतात. ते एखादे वेळी जोडले जातात, पण मूळ कार्डधारकाने तक्रार केली की कंपनी ते रद्द करू शकते.

भावाने जाब विचारला तर समोरून माफी आली. "चूक झाली, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा." स्क्रीनवर ४,४०० आकडा आला आणि खाली यूपीआय पिन मागितला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, तो आपल्या खात्यातून पैसे जायला लागतो. त्याने पिन टाकला आणि आणखी ४,४०० गेले. एकूण ८,८००. हा दुसरा फटका जास्त लागतो, कारण तो पैसे परत मिळतील या आशेवर बसतो.

ओळखायची खूण पैसे देण्याआधीच समोर होती. यूपीआयच्या पडद्यावर दुकानाचं नाव न येता एका अनोळखी व्यक्तीचं नाव आलं होतं. आणि कोड फोटोत आला होता. खरं व्हाउचर कंपनीकडून थेट ईमेलने किंवा एसएमएसने येतं आणि आपल्या ऑर्डरमध्ये दिसतं.

म्हणून घ्यायचंच असेल तर ब्रँडच्या स्वतःच्या अ‍ॅपवर घ्या आणि 'कुणाला पाठवायचं' या रकान्यात ताईचाच ईमेल किंवा मोबाइल घाला, म्हणजे मध्ये कुणाच्या हातात कोड येत नाही. पाठवल्यावर लगेच फोन करून सांगा, "ताई, आत्ता खात्यात जोडून घे, खरेदी नंतर कर." सगळ्या कंपन्या जोडायची सोय देत नाहीत, तिथे कोड कुणालाही फॉरवर्ड करू नये. आणि पडताळणीत अडकलात तर रद्द करून बाहेर धावू नका. ताईच्या नंबरवर सरळ यूपीआयने रक्कम पाठवा, पाठवण्याआधी पडद्यावर तिचंच नाव आहे ना ते वाचा, आणि शेऱ्यात 'ओवाळणी' लिहा.

पैसे गेलेच तर सकाळची वाट बघू नये. तत्काळ १९३० वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच उपयोग. हाताशी प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर म्हणजे बारा आकडी व्यवहार क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, त्याचा मोबाइल नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. रागाच्या भरात चॅट पुसू नका. दोन वेळा पैसे गेले असतील तर दोन्ही यूटीआर द्या. भावाने लाजेपोटी फक्त पहिला दिला होता, दुसरा दोन दिवसांनी. व्हाउचर देणाऱ्या कंपनीलाही व्हाउचरचा कार्ड नंबर कळवा: कोड किती वाजता वापरला गेला याची नोंद तिच्याकडे असते, आणि पोलिसांनी मागितली की ती द्यावी लागते.