वळणदार लॉनला कार्पेट किती? आकार पाडून मोजावं की पट्टे पाडून

लॉन चौकोनी असेल तर हा लेख सोडून दिलात तरी चालेल. प्रश्न येतो तो भिंतीपाशी सरळ आणि समोर नागमोडी असलेल्या लॉनचा. नागपुरात नवीन ले-आउटमधल्या घरांसमोर हल्ली अशीच लॉन दिसते: एका बाजूला कम्पाउंड, दुसरीकडे फुलझाडांचा वाफा, आणि मधली कड कुठे फुगलेली, कुठे आत गेलेली. अशा जागेला तयार गवताच्या कार्पेटचे किती तुकडे मागवायचे हे काढायच्या दोन रीती आहेत. मी दोन्ही वापरल्या आहेत, आणि माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

तिसरी रीत नर्सरीवाल्यांची. "कायले एवढं मोजून राहिले साहेब? जास्तीत जास्त लांबी सांगा, जास्तीत जास्त रुंदी सांगा, गाडी भरून देतो." माझ्या लॉनची लांबी २४ फूट, सगळ्यात रुंद जागी ११ फूट. म्हणजे २६४ चौरस फूट. मला मिळालेला तुकडा दीड बाय दोनचा होता, म्हणजे ३ चौरस फुटांचा. त्या हिशेबाने ८८ तुकडे. प्रत्यक्षात इतके लागत नाहीत. आणि उरलेले तुकडे इथे साठवून ठेवता येत नाहीत. थप्पीत गवत आतून तापतं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या उन्हात तर दुसऱ्या दिवशीच मधले तुकडे पिवळे दिसायला लागतात. कमी पडलं तर वेगळी अडचण. नंतर आणलेला माल दुसऱ्या शेतातला असतो, त्याची छटा आणि जाडी जुळत नाही, आणि तो चौकोन बराच काळ ठिगळासारखा दिसत राहतो. म्हणून आकडा जवळपास बरोबर हवाच.

पहिली रीत आपण शाळेत शिकलेली. जागेचे ओळखीचे आकार पाडायचे: एक आयत, त्याच्या पोटाला अर्धवर्तुळ, कोपऱ्यात त्रिकोण. प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढून बेरीज, आणि जिथे कड आत गेली असेल तिथे वजाबाकी. वळण खरोखरच खुंटीला दोरी बांधून आखलेलं असेल तर याच्यासारखी सोपी रीत नाही. पोर्चसमोर १४ फूट व्यासाचं अर्धवर्तुळ असेल तर त्रिज्या ७, म्हणून २२/७ गुणिले ४९, भागिले २, म्हणजे ७७ चौरस फूट. एक माप घेतलं की काम झालं. अशा जागेला मी आजही हीच रीत वापरेन.

पण बहुतेक वळणं दोरीने आखलेली नसतात. पाण्याचा पाइप उन्हात मऊ करून जमिनीवर टाकतात, डोळ्यांना बरा दिसेल तसा सरकवतात आणि कडेने फक्की मारतात. माझीही कड तशीच आली. तिला अर्धवर्तुळ म्हणावं तर ती फार पसरट, त्रिकोण म्हणावं तर फार गोल. भिंतीपासून ६ फुटांपर्यंत आयत धरला तर २४ गुणिले ६, १४४ चौरस फूट. त्यापुढचा फुगवटा साधारण १६ फूट लांब आणि मध्यभागी ५ फूट उंच. ५ फूट त्रिज्येचं अर्धवर्तुळ धरलं तर ३९ चौरस फूट येतात, १६ फूट पायाचा त्रिकोण धरला तर ४०. दोन्ही कमीच पडतात. अर्धवर्तुळाचा पाया १० फुटांचाच असतो, आणि त्रिकोणात कडेचा गोलावा सुटून जातो.

अशा पसरट फुगवट्याला एक चांगला कामचलाऊ नियम आहे: पाया गुणिले उंची, आणि त्याचे दोन तृतीयांश. इथे १६ गुणिले ५ म्हणजे ८०, त्याचे दोन तृतीयांश सुमारे ५३. पूर्ण अर्धवर्तुळाला हाच भाग दोन तृतीयांशावरून साधारण ०.७८५ वर जातो, म्हणून फुगवटा जितका खोल तितकं थोडं जास्त धरायचं. पहिली रीतच वापरायची असेल तर हा नियम लक्षात ठेवा. चुकीचं अर्धवर्तुळ बसवण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

मला खटकलं ते याच्या पुढचं. फुगवटा नेमका संपतो कुठे? माझ्या लॉनवर १६ फुटांपाशी कड उतरून जवळपास सपाट झाली होती, १८ फुटांपाशी ती अजूनही आयताच्या थोडी बाहेर होती, मग जरा परत फुगली आणि शेवटी भिंतीपासून ५ फुटांवर आली, म्हणजे चक्क आयताच्या आत. पाया १६ धरला तर फुगवटा ५३ चौरस फूट, १८ धरला तर ६०. फक्त "इथे संपला" की "तिथे संपला" एवढ्यावरून दोन तुकड्यांपेक्षा जास्त फरक. शिवाय शेवटी परत फुगून आत गेलेली ती चोच अधिक करायची की वजा, त्यावर आमच्या घरातच दोन मतं पडली. टेप बरोबर होता, गणितही बरोबर होतं, तरी उत्तर मोजणाऱ्याच्या नजरेवर ठरत होतं. वळण जिथे बाहेरून आत फिरतं तिथे या रीतीत दरवेळी हेच होतं. कदाचित तुमची कड साधी असेल आणि हा त्रास होणारही नाही. माझी नव्हती.

दुसऱ्या रीतीत वळणाला नाव द्यावंच लागत नाही. भिंत ही आपली आधाररेषा. तिच्यावर दर ३ फुटांवर खडूने खूण करायची आणि प्रत्येक खुणेपासून काटकोनात कडेच्या फक्कीपर्यंत टेप धरायचा. काटकोनाची शंका असेल तर ३-४-५ चा दोरीचा त्रिकोण लावून बघा. फरशीची रेघ समोर असेल तर तीही पुरते. माझी मापं फुटांत अशी आली: ६, ८.५, १०.५, ११, १०, ८, ७, ७.५, ५. नऊ मापं, आठ पट्टे, आणि प्रत्येक पट्टा म्हणजे साधारण समलंब चौकोन. पहिलं आणि शेवटचं माप अर्धं धरायचं, मधली पूर्ण, आणि बेरजेला पट्ट्याच्या रुंदीने गुणायचं. दोन टोकांचे अर्धे मिळून ५.५, मधल्यांची बेरीज ६२.५, एकूण ६८. गुणिले ३, म्हणजे २०४ चौरस फूट. कुठे फुगवटा, कुठे खळगा, काही ठरवावं लागलं नाही. चोचही त्यातच आली.

समलंब चौकोन वळणाचं डोकं थोडं कापतो, कारण दोन मापांमध्ये तो सरळ रेघ धरतो. पट्ट्यांची संख्या सम असेल तर सरळ रेघेऐवजी वळण धरणारा सर्व्हेवाल्यांचा सिम्प्सनचा नियम लावून ही चूक कमी करता येते. माझ्या मापांवर त्याने २०६ येतात. फरक २ चौरस फुटांचा, एक तुकडाही नाही, म्हणून मी त्यासाठी कोणाला अडवणार नाही. पण पट्टे फार रुंद घेऊ नका. हीच लॉन दर ६ फुटांनी मोजली तर १९८ येतात आणि दोन तुकडे कमी भरतात. कड जिथे पटकन वळते तिथे मापं जवळजवळ घ्यावीत, पण मग त्या भागाची बेरीज वेगळी करायची, कारण पट्ट्याची रुंदी बदलते. भिंत नसेल आणि लॉन बेटासारखी मधोमध असेल तर बेटाच्या लांबीतून सुतळी ताणा आणि दोन्ही बाजूंना मापं घ्या.

माझ्यासाठी पारडं झुकलं ते मात्र तुकड्यांच्या हिशेबात. २०६ ला ३ ने भागलं की ६९ तुकडे येतात, पण हा आकडा फक्त कागदावर पुरतो. कडेला प्रत्येक ओळीचा शेवटचा तुकडा कापावा लागतो, आणि तिथली नासाडी क्षेत्रफळापेक्षा कडेच्या लांबीवर जास्त अवलंबून असते. पट्टे पाडलेले असले की हेही मोजता येतं. ३ फुटांच्या पट्ट्यात दीड फुटी तुकड्यांच्या दोन ओळी बसतात. प्रत्येक पट्ट्याचं मोठं माप घ्या आणि २ फुटी किती तुकडे लागतील ते पुढच्या पूर्ण संख्येपर्यंत न्या. माझ्याकडे ते ५, ६, ६, ६, ५, ४, ४, ४ आले. बेरीज ४०, दोन ओळींच्या मिळून ८०. एकही कापलेला तुकडा परत वापरला नाही तरी यापेक्षा जास्त लागणार नाही. म्हणजे खरा आकडा ६९ आणि ८० च्या मध्ये. माळी सहसा दहा टक्के जास्त धरतात, तसं केलं की ७६ येतात, आणि ते या दोन्हींच्या मध्येच बसतात. मी ७६ मागवले. आकारांच्या रीतीने क्षेत्रफळ मिळालं असतं, पण वरची मर्यादा कळली नसती. वक्र कड जितकी लांब तितकं दहा टक्क्यांचं पंधराकडे सरकवावं असं माझं मत आहे.

लावताना आणखी एक गोष्ट पाळा. अर्धे-पाव तुकडे कडेला लावायचे नाहीत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, कडेची भेग उघडते, आणि चार बोटं रुंदीची चिंधी तिथे सगळ्यात आधी वाळते. म्हणून कडेला पूर्ण तुकडा ठेवून तो वळणाप्रमाणे छाटायचा आणि उरलेले काप मधे, जिथे दोन्ही बाजूंनी ओल राहते. ओळी विटांच्या बांधकामासारख्या एकाआड एक सरकवून लावल्या तर सुरुवातीच्या अर्ध्या तुकड्याचा दुसरा अर्धा एक ओळ सोडून पुढच्या ओळीला कामी येतो.

मधे झाडाचं आळं असेल तर त्याचं क्षेत्रफळ वजा करायचा मोह होतो. ४ फुटी आळ्याचे साडेबारा चौरस फूट, म्हणजे चार तुकडे कागदावर वाचतात. मी वजा करत नाही. गोल आळ्याभोवती कापताना तेवढं वायाच जातं. पायवाट किंवा सिमेंटचा चौथरा मात्र वजा करावा, त्याची कड सरळ असते.