सात महिन्यांचा टायपिंग सराव: पडद्यावरचे ५८ आणि पंधरा मिनिटांचे ३६

सीपीसीटी द्यायची म्हणून दिवाळीनंतर मी मंकीटाइप या टायपिंगच्या वेबसाइटवर रोज रात्री अर्धा तास बसू लागलो. आमच्या एमपीत बऱ्याच सरकारी पदांना ही परीक्षा लागते. तिच्यात इंग्रजी टायपिंग पंधरा मिनिटांचं असतं आणि मिनिटाला निव्वळ ३० शब्द हवे असतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात पडद्यावर ५८ दिसले, तेव्हा मला वाटलं काम झालं. मग रामबागेजवळच्या एका क्लासमध्ये पूर्ण पंधरा मिनिटांची सराव परीक्षा दिली. आले ३६.

मी तो आकडा ताईला दाखवला. तिने टाइपरायटरवर परीक्षा दिलेली. तिने एवढंच विचारलं, "खोडलंस किती वेळा?" मला सांगता येईना. टाइपरायटरवर खोडायची सोयच नसल्याने तिचा हात चुकीला घाबरून चालायला शिकला होता. माझा हात बॅकस्पेसच्या भरवशावर पळत होता.

इथे 'शब्द' म्हणजे काय ते आधी बघायला हवं. मोजणीतला शब्द हा पाच ठोक्यांचा असतो, आणि स्पेसही त्यात धरतात. केंद्राच्या नोकरभरतीच्या एसएससी परीक्षेत ३५ शब्दांचा वेग म्हणजे तासाला १०,५०० ठोके असं लिहिलेलं असतं, ते ३५ × ५ × ६० असंच येतं. देवनागरीत हे अंगावर येतं, कारण डोळ्याला लहान दिसणाऱ्या 'म्हणून'ला इनस्क्रिप्ट कीबोर्डवर सहा ठोके पडतात, शिवाय ण साठी शिफ्ट.

मंकीटाइप तीन आकडे देतं. raw मध्ये चुकीचे राहिलेले शब्दही धरले जातात. wpm म्हणजे मिनिटाला शब्द, त्यात फक्त बरोबर उमटलेल्या शब्दांची अक्षरं येतात. एक अक्षर चुकीचं राहिलं की तो शब्दच मोजणीतून जातो. acc म्हणजे अचूकतेची टक्केवारी, ती मात्र चूक सुधारली तरी विसरत नाही. मी दोन महिने फक्त wpm बघत होतो, तोही पंधरा सेकंदांच्या चाचणीत, जिथे मूळ सेटिंगमध्ये नेहमीचे सोपे शब्द येतात आणि कॅपिटल, स्वल्पविराम काहीच नसतं. माझा acc ९२ होता. शंभरातले ९२ म्हणजे चांगलेच, असं मला वाटायचं.

मग एका रात्री कागदावर हिशोब मांडला. २५० ठोक्यांचा, म्हणजे ५० शब्दांचा उतारा घेऊ. हात ५५ च्या वेगाने पळतोय, तर नुसता उतारा साडेचोपन्न सेकंदांत होतो. पण ९२ टक्क्यांना वीस चुका होतात. चूक बहुतेक वेळा पुढचं अक्षर पडल्यावर लक्षात येते, म्हणजे ती दोन अक्षरं आणि दोन बॅकस्पेस असे चार ठोके फुकट जातात. वीस चुकांचे सतरा सेकंद. एकूण ७२ सेकंद, खरा वेग जेमतेम ४२. आता हात ४८ वर आणा आणि ९७ टक्के धरा. उतारा साडेबासष्ट सेकंदांत, सात चुकांचे सात सेकंद, एकूण साडेएकोणसत्तर. वेग ४३. हळू टाइप करणारा पुढे! आणि चूक दिसल्यावर हात क्षणभर थबकतो, तो वेळ मी धरलेलाच नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी ९७ च्या खाली गेलेली चाचणी धरलीच नाही. wpm ३१ वर आला. फार वाईट वाटलं. चुका वहीत लिहायला लागलो तेव्हा कळलं की त्या सगळीकडे विखुरलेल्या नाहीत, त्याच त्या जागी होतात. teh हा नेहमीचा: दोन हातांचा क्रम उलटतो. दुसरी जागा dec. d, e आणि c ही तिन्ही डाव्या मधल्या बोटाची अक्षरं आहेत. तिथे एकाच बोटाला तीन उड्या माराव्या लागतात, म्हणून decision, December इथे वेग मुद्दाम सोडायचा. बाकी अक्षरं वेगळ्या बोटांची असतात, तिथे पुढचं बोट आधीच तयार असतं.

पाचव्या महिन्यात पंधरा मिनिटांच्या उताऱ्यावर, विरामचिन्हांसकट, ४७ आले, acc ९७. तेव्हापासून दहा आठवडे ४६ ते ४९ मध्येच आहे. आधी घाबरलो होतो, आता नाही. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने २०१८ साली १ लाख ६८ हजार लोकांचे ठोके तपासले, त्यात सरासरी ५२ च्या आसपास निघाली. वेगवान लोक चुकाही कमी करत होते, आणि आधीची कळ सुटायच्या आत पुढची दाबत होते. तो सवयीचा भाग आहे, तो नुसत्या जोराने येत नाही. माझ्यासारख्याने साध्या उताऱ्यावर ४५ ते ५५ मध्ये बरेच महिने राहावं लागेल असं धरून चालावं. वेबसाइट बदलून किंवा महागडा कीबोर्ड घेऊन ते हलेल असं मला वाटत नाही.

आता विरामचिन्हं चालू करून ६० सेकंदांच्याच चाचण्या देतो, आणि रविवारी सकाळी पोहे खाऊन एकदा पूर्ण पंधरा मिनिटं. वहीत dec अजून आहे, पण आठवड्याला चाळीसवरून नऊवर आलाय.