शेतरस्त्यासाठी सेडान की कॉम्पॅक्ट एसयूव्ही?

रावेर-यावलकडे केळीच्या शेतात जाणारा रस्ता म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे वाळून दगड झालेला काळ्या मातीचा उंचवटा. गाडीचं पोट घासतं ते तिथे.

सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिमी, कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा २०० च्या आसपास. पण कागदावरचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी तीन-चार सेंटिमीटर सहज बसते. म्हणजे सेडानखाली उरतात १३० मिमी, एसयूव्हीखाली १६५. उंचवटा १५० चा असेल तर सेडानचा सायलेन्सर घासणारच. शिवाय सेडानची दोन चाकांमधली लांबी बहुधा जास्त, त्यामुळे उंच गतिरोधकावरही तिचं पोट आधी टेकतं.

म्हणून घेण्याआधी घरच्यांना गाडीत बसवा आणि खालच्या सर्वांत लोंबत्या भागापर्यंत टेपने मोजा. शेतरस्ता रोजचा असेल तर मी एसयूव्हीच सांगेन. मात्र पावसाळ्यातल्या चिखलात ती तारेल असं समजू नका. बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींची पुढचीच दोन चाकं ओढतात, आणि काळी माती टायरच्या खाचा बुजवते. धुळे-जळगाव महामार्गावरच फिरणं असेल, तर वळणावर कमी झुकणारी सेडान बरी.