‘नाही’ पुढच्या स्लाइडवर जाऊ नये म्हणून: Shift+Enter, जोड-जागा की वाक्याची फेरमांडणी?

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभांसाठी स्लाइड तयार करण्याचे काम माझ्याकडे असते. एका सभेत पडद्यावर पुढील वाक्य होते: ‘मूळ सभासदांच्या लेखी संमतीशिवाय विकासकाला आराखड्यात कोणताही बदल करता येणार नाही.’ मोठ्या अक्षरांत ते चौकटीत मावेना, म्हणून उरलेला मजकूर पुढच्या स्लाइडवर गेला आणि पहिली स्लाइड ‘बदल करता येणार’ या शब्दांवर संपली. मराठीत ‘येणार’वर वाक्य पूर्ण होऊ शकते. त्यामुळे मागच्या रांगेतील ज्येष्ठ सभासदांनी नेमका उलटा अर्थ घेतला आणि तो दुरुस्त करण्यात सभेचा बराच वेळ गेला. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून ओळ कुठे तोडावी हा प्रश्न येथे केवळ दिसण्याचा राहत नाही.

यावर मी तीन मार्ग वापरून पाहिले.

पहिला मार्ग Shift+Enter. नुसते Enter दाबले की नवा परिच्छेद, म्हणजे बहुधा नवा बुलेट, सुरू होतो; Shift+Enter दाबल्यास परिच्छेद तोच राहून फक्त ओळ बदलते. ‘संमतीशिवाय’नंतर आणि ‘आराखड्यात’नंतर ओळ तोडली की आपल्या संगणकावर वाक्य नीटनेटके दिसते. मात्र ही तोड त्या फाँटच्या त्या आकारापुरतीच खरी असते. सभागृहातील लॅपटॉपवर आपला फाँट नसला की त्याच्या जागी दुसरा येतो, अक्षरे रुंदावतात, ओळ आधीच मोडते आणि आपण घातलेली तोड तशीच राहिल्याने मध्ये एकाच शब्दाची ओळ लोंबकळते. स्लाइडचा आकार ४:३ वरून १६:९ केला किंवा मजकूर दुसऱ्या चौकटीत चिकटवला तरी हेच होते. शीर्षकासारख्या, पुन्हा न बदलणाऱ्या मजकुराला मात्र हा मार्ग पुरेसा आहे, विशेषतः शेवटी पीडीएफ करूनच दाखवायचे असेल तर.

दुसरा मार्ग जोड-जागेचा. ही दिसायला साध्या जागेसारखीच असते, पण तिच्या दोन्ही बाजूंचे शब्द ओळीच्या शेवटी वेगळे होत नाहीत. तिचा युनिकोड क्रमांक U+00A0 आहे. LibreOffice Impress मध्ये ती Ctrl+Shift+Space ने मिळते. PowerPoint मध्ये Insert मधील Symbol उघडून 00A0 हा क्रमांक देता येतो. ‘येणार’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ती घातली की फाँट बदलला तरी दोन्ही शब्द एकत्रच खालच्या ओळीत उतरतात. ‘३०० चौरस फूट’, ‘२०११ च्या’, ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ अशा ठिकाणीही मी तीच वापरतो. अडचण अतिवापराची आहे. पाच-सहा शब्द बांधले की ती साखळी चौकटीपेक्षा लांब होते आणि मग प्रणाली नाइलाजाने शब्दच मधोमध तोडते. म्हणून तीन शब्दांच्या पलीकडे जाऊ नये. ‘देवाण-घेवाण’सारख्या शब्दात संयोगचिन्हानंतरही ओळ तुटू शकते, तेथे न तुटणारे संयोगचिन्ह, U+2011, वापरता येते, पण काही देवनागरी फाँटांत ते नसल्याने वेगळ्याच जाडीचे दिसते. शक्य असेल तेथे ‘देवाणघेवाण’ असे सलग लिहिणेच मला पसंत आहे.

मात्र जोड-जागेची सत्ता एका चौकटीपुरती असते. वाक्य दोन स्लाइडवर न्यायचे असेल तर तोड माणसालाच ठरवावी लागते, आणि तेथे तिसरा मार्ग, म्हणजे फेरमांडणी, सर्वांत भरवशाचा ठरतो. पहिल्या स्लाइडवर ‘आराखड्यात परस्पर बदल करण्यास विकासकाला मनाई राहील.’ आणि दुसऱ्या स्लाइडवर ‘अपवाद एकच: मूळ सभासदांची लेखी संमती.’ असे लिहिले की कोणतीही स्लाइड एकटी वाचली तरी अर्थ उलटत नाही. करारातील कलम जसेच्या तसे दाखवायचे असेल तर शब्द बदलता येत नाहीत. अशा वेळी स्लाइड ‘संमतीशिवाय’, ‘असल्यास’, ‘म्हणून’ अशा शब्दावर संपवावी, कारण वाक्य अपुरे आहे हे तेथे वाचणाऱ्याला आपोआप कळते. ‘येणार’, ‘करता’, ‘दिली’ अशा क्रियारूपावर मात्र कधीही संपवू नये.

माझी निवड अशी: शीर्षकाला Shift+Enter, चौकटीतील मजकुराला जोड-जागा आणि दोन स्लाइडवर पसरणाऱ्या वाक्याला फेरमांडणी. एकच शिकायला वेळ असेल तर जोड-जागा शिकावी. ती नीट बसली आहे का हे पाहण्यासाठी चौकटीची उजवी कड माउसने हळूहळू आत ओढावी आणि ओळी बदलताना ‘नाही’ कधी एकटे खाली उतरते का, ते पाहावे.